‘ती अशी आणि ही अशी’ : तासाच्या उताऱ्यापासून छापील टिपणापर्यंत

“तर आता बघा. भाव चाळीस होता तेव्हा किती घेत होते? दोन किलो. तीस झाल्यावर? तीन. हां. म्हणजे भाव उतरला, मागणी वाढली. हा इथून इथं आला. आता लक्ष द्या हं, आता भाव तीसच आहे. भावाला काही झालेलं नाही. पण दिवाळीचा बोनस आला घरात. आता तीन नाही, पाच किलो. म्हणजे काय झालं? मागणी वाढली. आधीही वाढली होती, आताही वाढली. पण ती अशी आणि ही अशी. ती वेगळी, ही वेगळी. परीक्षेत इथंच मार्क जातात तुमचे.”

बारावीच्या अर्थशास्त्राच्या एका तासाचा हा उतारा आहे. मोबाइलवर ध्वनिमुद्रित करून मी तो शब्द न शब्द उतरवून काढला होता. वर्गात बसलेल्या मुलाला यात काहीच अवघड वाटले नसते. सरांनी पहिल्या वेळी खडू त्याच रेषेवरून खाली सरकवला होता आणि दुसऱ्या वेळी त्या रेषेच्या उजवीकडे एक नवी रेषा ओढली होती. कागदावर मात्र ‘अशी’ आणि ‘अशी’ हे दोन्ही शब्द सारखेच दिसतात, आणि अख्ख्या तासाचा गाभा त्या दोन शब्दांमध्ये हरवून जातो.

एका तालुक्याच्या गावातल्या कनिष्ठ महाविद्यालयासाठी अशा उताऱ्यांची टिपणे तयार करण्याचे काम मी बरीच वर्षे केले आहे. त्यातून माझे एक मत पक्के झाले. वर्गात अर्थ पोचवण्याचे निम्मे काम सरांचा आवाज, खडू, हातवारे आणि मध्येच घेतलेला थांबा करत असतात. उताऱ्यात यातले काहीच उतरत नाही, फक्त शब्द उतरतात. म्हणून टिपण करताना वाक्ये शुद्ध करणे ही दुय्यम गोष्ट ठरते. आवाजाचे आणि खडूचे काम पानावर कोणाकडे सोपवायचे, हा खरा प्रश्न आहे. त्यातला सर्वात मोठा वाटा शीर्षकांना उचलावा लागतो. या कामाच्या जुन्या-नव्या पद्धतींचा आढावा मी याच बाजूने घेणार आहे, आणि उदाहरण म्हणून वरचाच तास शेवटपर्यंत हाताशी ठेवणार आहे.

बोललेले लिहून ठेवणाऱ्यांची आपली परंपरा

मराठी गद्याची सुरुवातच मुळी या कामातून झाली. चक्रधरस्वामींनी स्वतः ग्रंथ लिहिला नाही. ते गेल्यानंतर म्हाइंभटांनी ऋद्धिपुरात नागदेवाचार्यांच्या सान्निध्यात त्यांच्या आठवणी गोळा केल्या. कोणती गोष्ट कुठे घडली, त्या वेळी समोर कोण होते, स्वामी काय बोलले, हे ज्याला जसे आठवत होते तसे विचारून घेतले. त्यातून ‘लीळाचरित्र’ उभे राहिले. आपल्या भाषेत बोलायचे तर तो पहिला उतारा होता, प्रसंगासकट घेतलेला.

पुढचे पाऊल केसोबासांनी टाकले. त्यांनी लीळांमधून स्वामींची वचने वेगळी काढली आणि विषयवार लावली, तो ‘सूत्रपाठ’. अभ्यासाला, पाठांतराला सोयीचा. पण वचन प्रसंगातून सुटे झाले की ते कोणाला, कशाच्या उत्तरादाखल म्हटले होते हे कळेनासे होते. ही उणीव पंथातल्याच अभ्यासकांना जाणवली आणि कोणते सूत्र कोणत्या प्रसंगी आले हे सांगणारे ‘प्रकरणवश’ तयार झाले. विषयवार मांडणी हवी, पण मूळ प्रसंगाकडे परत जायची वाटही हवी, हा पेच टिपण करणाऱ्याला आजही रोज पडतो.

केसोबासांचाच ‘दृष्टांतपाठ’ मला या कामाचा सर्वात चांगला नमुना वाटतो. त्यातल्या प्रत्येक घटकाचे तीन भाग आहेत. आधी सूत्र, मग स्वामींनी सांगितलेला दृष्टांत आणि शेवटी त्या दृष्टांताचा सूत्राशी मेळ घालणारे दार्ष्टांतिक. सूत्र आणि दृष्टांत स्वामींचे, दार्ष्टांतिक केसोबासांचे. कुठला शब्द बोलणाऱ्याचा आणि कुठला लिहिणाऱ्याचा, हे वाचणाऱ्याला सांगावे लागत नाही, मांडणीतूनच दिसते. वर्गातला शिक्षक उदाहरण देऊन पुढे सरकतो, आणि उदाहरणाचा नियमाशी असलेला सांधा हाताने किंवा नजरेने दाखवतो. तो सांधा टिपणात शब्दांनी लिहावा लागतो. टिपण करणारा स्वतःची भर घालतो ती नेमकी इथे, आणि तीही इतकीच असावी.

विसाव्या शतकातले उदाहरण धुळ्याच्या तुरुंगातले आहे. १९३२ मध्ये विनोबांनी तिथे गीतेवर अठरा प्रवचने दिली आणि साने गुरुजींनी ती ऐकता ऐकता लिहून घेतली. त्यातून ‘गीताप्रवचने’ हे पुस्तक झाले. या पुस्तकात अठरा अध्यायांची पुढे क्रमवार १०८ लहान प्रकरणे केलेली आहेत आणि प्रत्येकाला शीर्षक आहे. प्रवचनाचा ओघ तसाच राहतो, आणि हवा तो विचार शोधायला वाचकाला आधारही मिळतो. क्रम न मोडता नुसत्या शीर्षकांनी किती साधते, हे पाहायचे असेल तर ते पुस्तक त्या नजरेने चाळून बघावे.

क्रम मोडला की काय होते, हे दाखवणारे उदाहरण युरोपातले आहे. फर्दिनां द सोस्यूर यांनी जिनिव्हात १९०७ ते १९११ या काळात सामान्य भाषाविज्ञानाचा अभ्यासक्रम तीनदा शिकवला. दर वेळी मांडणी वेगळी होती. १९१३ मध्ये ते वारले. बाली आणि सेशे या त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी विद्यार्थ्यांच्या वह्या जमवून १९१६ मध्ये पुस्तक काढले. दोघेही त्या तासांना स्वतः बसलेले नव्हते. तीन वेगळ्या मांडण्यांतून त्यांनी एकच सुसूत्र मांडणी केली, आणि ती इतकी पटणारी झाली की पुढे कित्येक वर्षे तीच सोस्यूर यांची म्हणून मानली गेली. नंतर वह्या छापून आल्यावर दिसले की पुस्तकातले शेवटचे, सर्वात जास्त उद्धृत होणारे वाक्य कोणत्याच वहीत नाही. संपादकांनी काही वाईट हेतूने केले असे नाही. त्यांनी दोन मुद्द्यांमधली फट बुजवली, आणि बुजवलेली जागा मूळ भिंतीसारखीच रंगवली. टिपणात फट बुजवायची वेळ नेहमी येते, पण तिचा रंग वेगळा दिसला पाहिजे. म्हणून मी घातलेले प्रत्येक वाक्य छपाईला जाईपर्यंत चौकोनी कंसात ठेवतो. शिक्षकांनी मान्य केले तरच कंस निघतो.

फाइनमन यांची भौतिकशास्त्राची व्याख्याने १९६१ ते १९६३ या काळात कॅलिफोर्नियात झाली, तेव्हा ध्वनिमुद्रणाबरोबर फळ्याची छायाचित्रेही घेतली गेली होती. तरीही एकेका व्याख्यानाचे वाचनीय पान करायला जाणत्या भौतिकशास्त्रज्ञाचे दहा ते वीस तास जात. साधनांची कमतरता नव्हती. कोणता हातवारा म्हणजे कोणते समीकरण, हे विषय जाणणाऱ्यालाच ओळखता येते, म्हणून वेळ लागत होता.

‘तर’, ‘आता’, ‘बरं’ : गाळण्याआधी खुणा कराव्यात

आता आपल्या तासाकडे येऊ. आमचा तास ४८ मिनिटांचा. हजेरी, फळ्यावर लिहिण्याचा वेळ आणि मुलांची उत्तरे वजा जाता उतारा साडेचार हजार शब्दांच्या आसपास भरतो. त्यातून चार पानांचे, अकराशे-बाराशे शब्दांचे टिपण निघाले तर मी ते बेताचे मानतो. त्याहून लहान झाले तर बहुधा कारणे गळालेली असतात. त्याहून मोठे झाले तर मुले वाचत नाहीत.

नवखा माणूस पहिल्या हाताला ‘बरं का’, ‘म्हणजे’, ‘तर’, ‘आता’, ‘लक्षात आलं?’ हे सगळे खोडून टाकतो. मीही खोडायचो, आणि तासाभराने समोर साडेतीन हजार शब्दांचा एक सलग ढीग पडायचा. कुठे तोडायचे ते कळायचे नाही. मग ध्यानात आले की तोडण्याच्या जागा मी स्वतःच पुसून टाकल्या होत्या. मराठी शिक्षक नवा मुद्दा सुरू करताना ‘तर’ म्हणतो. त्याच मुद्द्याला वळण देताना ‘आता’ म्हणतो. ‘म्हणजे’ आले की आधीचीच गोष्ट सोप्या शब्दांत येते, म्हणून तिथे दोनपैकी एकच वाक्य ठेवायचे असते. विषयांतर संपवून परत येताना ‘बरं’ किंवा ‘असो’ येते. ‘लक्षात आलं?’ हा मुद्दा पुरा झाल्याचा शिक्का असतो.

म्हणून आता मी पहिल्या वाचनात काहीच खोडत नाही. ‘तर’पाशी समासात आडवी रेघ, ‘आता’पाशी छोटा बाण, ‘म्हणजे’भोवती गोल, आणि ‘बरं’पासून मागे जिथे विषयांतर सुरू झाले तिथपर्यंत उभी रेघ. हे वाचन ध्वनिमुद्रण ऐकत ऐकतच करायचे, कारण चार सेकंदांचा थांबा कागदावर दिसत नाही आणि तो अनेकदा ‘तर’पेक्षा मोठी सीमा असतो. वरच्या तासात अशा अकरा आडव्या रेघा आल्या. त्यांतल्या तीन जागी सर फक्त श्वास घ्यायला थांबले होते. उरलेल्या आठांमधून पुढे पाच शीर्षके झाली.

याच वाचनात ऐकण्याच्या चुका सापडतात. उतरवणाऱ्याच्या कानाला ओळखीचा शब्द आधी ऐकू येतो. आमच्याकडे ‘सीमांत उपयोगिता’ची ‘श्रीमंत उपयोगिता’ झाली होती आणि ‘गिफेन वस्तू’ची ‘गिफ्ट वस्तू’. या चुका डोळ्यांत भरतात, त्यामुळे त्यांची भीती नाही. भीती असते ‘नाही’ गळण्याची. “भाव बदलला तर वक्र सरकत नाही” या वाक्यातले ‘नाही’ सरांनी वळता वळता म्हटले आणि ध्वनिमुद्रणात ते जवळजवळ बुडाले. उरलेले वाक्य वाचायला बिनचूक आहे, आणि पूर्ण उलटे आहे. नियम सांगणारे प्रत्येक वाक्य म्हणूनच मी परत एकदा कानाने तपासतो, फक्त होकार-नकारासाठी.

फळा शब्दांत आणताना

दुसऱ्या फेरीत उताऱ्यातल्या प्रत्येक ‘हा’, ‘ती’, ‘इथं’, ‘असं’ या शब्दाखाली रेघ मारायची आणि त्याच्या जागी नाव घालायचे. यासाठी फळ्याचे फोटो लागतात, आणि ते पुसण्याआधी दर वेळी घेतलेले लागतात. शेवटचा एकच फोटो पुरत नाही, कारण त्यात रेषा कोणत्या क्रमाने ओढल्या ते दिसत नाही.

“हा इथून इथं आला” यातला ‘हा’ म्हणजे मागणी वक्रावरचा बिंदू. ‘इथून’ म्हणजे ४० रुपये आणि २ किलो, ‘इथं’ म्हणजे ३० रुपये आणि ३ किलो. टिपणात वाक्य असे झाले : “भाव ४० रुपयांवरून ३० रुपयांवर येतो तेव्हा ग्राहक त्याच मागणी वक्रावर एका बिंदूवरून खालच्या बिंदूवर येतो आणि २ किलोऐवजी ३ किलो घेतो.” मूळ चार शब्दांचे वाक्य इतके लांबले. टिपण म्हणजे नुसते आखडणे अशी समजूत असते, पण इथे उतारा वाढवावाच लागतो.

‘ती अशी आणि ही अशी’ या ठिकाणी खरी कसोटी लागली. सर दोन्ही वेळा ‘मागणी वाढली’ असेच म्हणत होते, कारण भेद त्यांचा खडू सांगत होता. पाठ्यपुस्तकात यासाठी दोन वेगळ्या संज्ञा आहेत. फक्त भाव उतरल्यामुळे जास्त घेतले तर तो मागणीचा विस्तार. भाव तोच असताना उत्पन्न, आवड किंवा दुसऱ्या वस्तूंचे भाव यांमुळे जास्त घेतले तर ती मागणीतील वृद्धी. सरांनी या संज्ञांमधला भेद तासाच्या शेवटी एकदाच सांगितला होता. टिपणात त्या सुरुवातीपासून वापराव्या लागल्या आणि ‘मागणी वाढली’ हा मोघम प्रयोग जिथे जिथे भेद महत्त्वाचा तिथे काढावा लागला. बोलण्यात सर ‘डिमांड कर्व्ह’ म्हणत होते. ते मी पहिल्या उल्लेखात एकदा ठेवले आणि नंतर सगळीकडे ‘मागणी वक्र’ केले, कारण मुलांना उत्तर त्या शब्दांत लिहायचे असते.

आकृतीचेही असेच. फळ्यावर सरांनी दोन्ही गोष्टी एकाच आकृतीत दाखवल्या. वर्गाला ते चालले, कारण मुलांनी रेषा एकेक करून उमटताना पाहिल्या. पानावर सगळ्या रेषा एकदम समोर येतात आणि गुंता होतो. मी शेजारी शेजारी दोन आकृत्या काढल्या. पहिलीत एकच वक्र आणि त्यावर दोन बिंदू, दुसरीत दोन वक्र आणि ३० रुपयांची एक आडवी तुटक रेघ. इथे एक अडचण आली. दुसऱ्या वक्रासाठी सरांनी एकच आकडा दिला होता, ३० रुपयांना ५ किलो. एका बिंदूवरून वक्र काढता येत नाही. बाकीचे आकडे मनाने भरणे सोपे होते, पण ती सोस्यूर यांच्या संपादकांची वाट झाली असती. मी सरांना विचारले. ते म्हणाले, चाळीसला चार लिहा आणि वीसला सहा. जुन्या वक्रावर ते अनुक्रमे दोन आणि चार होते. म्हणजे प्रत्येक भावाला दोन किलोची वाढ, आणि ही ‘प्रत्येक भावाला’ची गोष्ट तासात कुठेच बोलली गेलेली नव्हती. आकडे मागायला गेल्यामुळे ती टिपणात आली.

शीर्षकाने केलेली चूक

काही वर्षांपूर्वी याच पाठाच्या टिपणात मी एक शीर्षक दिले होते, ‘मागणी वाढण्याची कारणे’. खाली क्रमाने भाव कमी होणे, उत्पन्न वाढणे, आवड बदलणे, लोकसंख्या वाढणे असे लिहिले. वाक्य न वाक्य बरोबर होते. चाचणीत ‘मागणीतील वृद्धीची कारणे लिहा’ असा प्रश्न आला आणि वर्गातल्या बहुतेक मुलांनी पहिले कारण लिहिले, भाव कमी होणे. तेवढेच एक कारण चुकीचे होते. मुलांनी पाठांतर नीट केले होते. दोन वेगळ्या गोष्टी एका छताखाली मी घातल्या होत्या. ती चूक माझी होती, आणि ती मला अजून बोचते.

तेव्हापासून मी शीर्षकाकडे वेगळ्या नजरेने पाहतो. वर्गात मोठ्याने म्हटलेले वाक्य लक्षात राहते, तसे पानावर शीर्षक राहते. खालचा मजकूर विसरला तरी तेवढे मनात टिकते. म्हणून त्यात विषयाचे नुसते नाव न घालता शक्य तिथे विधान घालावे. ‘मागणीचे प्रकार’ या शीर्षकातून काही कळत नाही. ‘भाव बदलला तर बिंदू सरकतो, वक्र जागेवर राहतो’ या शीर्षकात सगळा विभाग मावतो. आणि विधान लिहायला बसले की आपल्याला मुद्दा कळला आहे की नाही हेही उघडे पडते. मला विधान सुचले नाही तर बहुतेक वेळा तिथे दोन मुद्दे एकत्र अडकलेले असतात.

या तासाची शेवटी ठरलेली पाच शीर्षके अशी :

मागणीचा नियम इतर परिस्थिती कायम असतानाच लागू पडतो
भाव बदलला तर बिंदू सरकतो, वक्र जागेवर राहतो : विस्तार आणि संकोच
भाव तोच, कारण दुसरे : संपूर्ण वक्र सरकतो : वृद्धी आणि ऱ्हास
उत्पन्न वाढल्यावर प्रत्येक वस्तूची मागणी वाढतेच असे नाही
कोणता बदल कोणता, हे ओळखण्यासाठी विचारायचा एक प्रश्न

पहिले शीर्षक पाहा. ‘इतर परिस्थिती कायम असताना’ हे शब्द सरांनी सहाव्या मिनिटाला एकदा उच्चारले आणि पुढे कधीच नाही. वर्गात ते पुरेसे असते. टिपण मात्र मुले सलग वाचत नाहीत, परीक्षेच्या आदल्या रात्री मधलेच पान उघडतात. म्हणून ती अट पहिल्या शीर्षकात आली, आणि दुसऱ्या व तिसऱ्या विभागाच्या पहिल्या ओळीत पुन्हा आली. दुसऱ्यात परिस्थिती कायम आहे, तिसऱ्यात तीच बदलली आहे. दोन विभागांमधला सगळा फरक या एका अटीत आहे.

चौथे शीर्षक सरांच्या एका ओझरत्या वाक्यातून आले, “नेहमीच असं नाही हं.” पुढे हलक्या प्रतीच्या धान्याचे दोन ओळींचे उदाहरण होते. हातात पैसा आला की लोक चांगले धान्य घेतात आणि हलक्या धान्याची मागणी घटते. ‘बहुतेक’, ‘सहसा’, ‘नेहमीच असं नाही’ असे शब्द टिपण करताना सर्वात आधी गळतात, कारण वाक्य त्यांच्याशिवाय जास्त ठसठशीत वाटते. जाणत्या शिक्षकाने घातलेली ती मर्यादा असते, आणि ती गाळली की सरांच्या नावावर चुकीचा नियम छापला जातो.

प्रश्न आणि लासलगावची गोष्ट

विसाव्या मिनिटाला एका मुलीने विचारले, “सर, पुढच्या आठवड्यात भाव वाढणार असं कळलं म्हणून आजच जास्त घेतलं तर?” सरांनी उत्तर दिले, “आज भाव तोच आहे ना? मग वक्रच सरकला.” उताऱ्यात हा संवाद विस्ताराच्या मुद्द्यामध्ये येतो, कारण प्रश्न तेव्हा सुचला. विषयाच्या दृष्टीने त्याची जागा तिसऱ्या शीर्षकाखाली आहे. मी तो तिथे हलवला आणि प्रश्नोत्तराच्या रूपातच ठेवला. मुलांचे प्रश्न विधानात विरघळवून टाकण्याची पद्धत सर्रास आहे. मला ती पटत नाही. ज्या जागी एक मूल अडखळले तिथे दुसरेही अडखळणार, आणि प्रश्न दिसला की त्याला आपली अडचण ओळखू येते. पाचवे शीर्षकही या उत्तरातून निघाले. ‘या वस्तूचा आजचा भाव बदलला का?’ एवढाच तो प्रश्न.

लासलगावची गोष्ट मात्र मी चार दिवस इकडून तिकडे फिरवत होतो. कांद्याच्या त्या मोठ्या बाजाराबद्दल सर पाच मिनिटे बोलले. पावसाने चाळीतला कांदा सडला, आवक घटली, भाव चढले आणि लोकांनी कांदा कमी केला. मुलांना ही गोष्ट सगळ्यात जास्त आवडली होती. पण तिच्यात पाऊस पडला आणि आवक घटली हा पुरवठ्याचा भाग आहे, आणि पुरवठा पुढच्या पाठात येतो. ती मध्ये तशीच ठेवली असती तर पाऊस हेही मागणी घटण्याचे एक कारण म्हणून वहीत गेले असते. पूर्ण काढली असती तर तासाची आठवण जागी करणारी एकमेव खूण गेली असती. शेवटी मी ती सरावाचा प्रश्न म्हणून अखेरीस घातली : पावसामुळे भाव चढला आणि लोकांनी कांदा कमी घेतला, तर हा संकोच की ऱ्हास? पाचव्या शीर्षकाखालचा प्रश्न लावला की उत्तर मिळते. आजचा भाव बदलला आहे, म्हणून संकोच.

क्रमाविषयी माझा नियम साधा आहे. सरांचा क्रम ठेवायचा. एखादा तुकडा हलवलाच तर समासात मूळ मिनिट लिहायचे, ‘२०:१५’ असे. मूल किंवा सर ध्वनिमुद्रणावर परत जाऊन ती जागा ऐकू शकतात. प्रकरणवशाचे काम इथे एवढ्याने भागते.

टिपणाचे आकार

मुद्देसूद टिपण आपल्याकडे सर्वात लोकप्रिय आहे, आणि व्याख्या, प्रकार, वैशिष्ट्ये अशा मजकुराला ते शोभतेही. कार्यकारण सांगायचे असेल तिथे ते घात करते. मुद्दे पाडताना ‘म्हणून’, ‘पण’, ‘असे असूनही’ हे शब्द सर्वात आधी जातात, आणि उरतात एकमेकांशी न बोलणारी वाक्ये. वरच्या तासाचा दुसरा आणि तिसरा विभाग मी म्हणूनच सलग परिच्छेदांत ठेवला आणि फक्त कारणांची यादी मुद्द्यांत दिली.

अमेरिकेत वॉल्टर पॉक यांनी कॉर्नेल विद्यापीठात रूढ केलेला एक आकार आहे. पान उभे दुभागायचे, उजवीकडे मोठ्या भागात मजकूर, डावीकडच्या अरुंद पट्टीत प्रश्न किंवा खुणेचे शब्द आणि तळाशी सारांश. तो मुळात विद्यार्थ्याने स्वतःच्या हाताने लिहिण्यासाठी आहे. वाटायच्या टिपणात मी त्यातली फक्त डावी पट्टी घेतो आणि ती कोरी सोडतो.

काही शिक्षक मुद्दाम गाळलेल्या जागांचे टिपण तासाआधी वाटतात आणि मुले ऐकता ऐकता ते भरतात. हे चांगले चालते, पण उताऱ्यावरून तसे टिपण करताना गाळायचा शब्द नीट निवडावा लागतो. ‘वृद्धी’ हा शब्द गाळावा. ‘३०’ हा आकडा गाळण्यात काही हशील नाही.

शिक्षकांकडे आणि मग गैरहजर मुलीकडे

कच्चे टिपण आधी सरांकडे जाते. शब्द चुकला की माणूस बोलता बोलता स्वतःच सुधारतो, तिथे मी शेवटचा शब्द ठेवतो आणि विचारत नाही. न सुधारलेली चूक मात्र परस्पर दुरुस्त करायची नाही. या तासात एकतिसाव्या मिनिटाला सर “उत्पन्न वाढलं की विस्तार होतो” असे बोलून गेले होते. मी ते वाक्य तसेच ठेवून शेजारी प्रश्नचिन्ह केले. त्यांनी वाचले, ‘विस्तार’ खोडून ‘वृद्धी’ लिहिले आणि पुढच्या तासाला वर्गातही सांगितले. मी गुपचूप दुरुस्त केले असते तर वहीत एक आणि छापील पानावर दुसरे अशी मुलांची पंचाईत झाली असती.

दुसरी तपासणी तासाला न आलेल्या विद्यार्थ्याकडून करून घेतो. जो हजर होता त्याच्या डोक्यात फळा असतो, आणि टिपणातली फट तो नकळत भरून काढतो. या वेळी आजारपणामुळे आठवडाभर न आलेली एक मुलगी होती. तिला टिपण दिले, आकृत्यांवर कागद चिकटवून झाकल्या आणि फक्त मजकुरावरून त्या काढायला सांगितले. पहिली तिने बरोबर काढली. दुसरीत नवा वक्र बरोबर उजवीकडे आला, पण तो जुन्या वक्रापेक्षा जास्त पसरट होता आणि वरच्या टोकाला दोन्ही वक्र एकमेकांना जवळजवळ चिकटले होते. मी विचारले, असे का? तिने टिपणातले वाक्य दाखवले. त्यात ३० रुपयांना ३ ऐवजी ५ किलो एवढेच लिहिलेले होते. सरांनी दिलेले बाकीचे आकडे मी आकृतीत घातले होते, मजकुरात घालायचे राहिले होते. त्याच संध्याकाळी तिसऱ्या विभागात एक ओळ वाढवली : “४० रुपयांना २ ऐवजी ४ किलो, २० रुपयांना ४ ऐवजी ६ किलो, प्रत्येक भावाला मागणी २ किलोने वाढली आहे, म्हणून नवा वक्र जुन्याला समांतर आहे.” दुसऱ्या दिवशी टिपण छपाईला गेले.